लेसर, डोळ्याचा पडदा आणि रात्रीचा हायवे

मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या उगवू लागल्या की नेत्रतज्ज्ञ लेसरचा सल्ला देतात. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत, मेडिकल-मेयोच्या नेत्रविभागांत हा सल्ला रोज दिला जातो आणि तो ऐकून घरी गेलेले बरेच जण पुन्हा फिरकत नाहीत. ‘लेसरने रात्रीचे दिसेनासे होते’ हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकलेले असते. ही नुसती अफवा असती तर खोडून काढता आली असती. पण त्यात तथ्य आहे, आणि म्हणून त्याचे उत्तरही पुरते द्यावे लागते.

खालचा संवाद मी रचलेला आहे. मामा सत्तावन्न वर्षांचे, काटोलकडचे. स्वतःचा ट्रक आहे आणि संत्र्याच्या हंगामात रात्री माल भरून हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबादमार्गे हैदराबादला नेतात. मधुमेहाला अठरा वर्षे झाली, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ९.४. डावा डोळा पावसाळ्यात अचानक धुरकटला, मग अर्धामुर्धा निवळला. भाची नेत्ररोगात पदव्युत्तर शिक्षण घेणारी निवासी डॉक्टर. मामांचे तपासणीचे कागद तिच्या हातात आहेत. महिना जानेवारीचा, मृग बहाराची संत्री निघण्याच्या तोंडावरचा.

मामा: तू डॉक्टर आहेस, तुले माह्यापेक्षा जास्त समजते, हे मान्य. पण एक सांग. उजव्या डोळ्यानं मले समोरच्या गाडीचा नंबर वाचता येते. तुमच्याच माणसानं तपासून लिहिलं ना कागदावर?

भाची: लिहिलंय. उजवा सहा-नऊ, म्हणजे जवळपास पूर्ण नजर. डावा सहा-चोवीस.

मामा: मग डाव्याचं काय करायचं ते कर. चांगल्या डोळ्याले काऊन हात लावता? अन् हात लावता म्हणजे काय, जाळता! डॉक्टर स्वतः बोलले, पडद्यावर डाग पाडणार म्हणून.

भाची: मामा, तो तक्ता वाचताना तुम्ही पडद्याचा फक्त मधला इवलासा भाग वापरता. बाकी पडद्यावर काय चाललंय ते तक्त्याला कळत नाही. बाहुली मोठी करून आत पाहिलं तर उजव्या डोळ्यात, जिथून नस मेंदूकडे जाते तिथेच, नवीन रक्तवाहिन्यांचं जाळं उगवलंय. शेजारी रक्ताचा छोटा थर साचलाय. नसेवर नवीन वाहिन्या आणि सोबत रक्तस्राव, हे दोन्ही एकत्र दिसलं की त्या डोळ्याला आम्ही जास्त धोक्याचा म्हणतो. मग नजर सहा-नऊ असो की सहा-सहा.

मामा: नवीन रक्तवाहिन्या आल्या तर चांगलंच आहे ना? जुन्या बंद पडल्या, शरीरानं नवीन काढल्या.

भाची: शरीराचा हिशोब तोच असतो, पण तो चुकतो. साखरेने पडद्यातल्या केसाहून बारीक वाहिन्या हळूहळू बंद पडतात. तिथल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही, मग त्या व्हीईजीएफ नावाचं एक रसायन सोडतात. त्या रसायनाने नवीन वाहिन्या उगवतात, पण उपाशी भागात शिरायच्या ऐवजी पडद्याच्या वर, डोळ्यातल्या जेलीवर पसरतात. भिंती इतक्या कच्च्या की जेली जरा आकसली, ओढ बसली, की फुटल्याच. जुलैत डाव्या डोळ्यात हेच झालं. तुम्ही त्याला धूर म्हणता, ते रक्त होतं.

मामा: ते तर आपोआप उतरलं.

भाची: बरंचसं उतरलं. पण या वाहिन्यांबरोबर चिवट पांढरे तंतूही वाढतात. ते आकसले की पडद्यालाच जागेवरून ओढून काढतात. तसं झालं की लेसर पुरत नाही, मोठं ऑपरेशन करावं लागतं, आणि करूनही गेलेली नजर पुरती परत येईल याची खात्री देता येत नाही. लेसर हा त्याच्या आधीचा इलाज आहे. तो डोळा आहे तिथे टिकवायला करतात. चष्म्याचा नंबर त्याने उतरत नाही, तक्त्यावर एक ओळ जास्त वाचता येईल असंही मी सांगणार नाही.

इथे थोडे थांबतो. रुग्णांची निराशा बहुतेक वेळा या शेवटच्या दोन वाक्यांपाशी सुरू होते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले की दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसू लागते, हे घरोघरी माहीत आहे. लेसरकडूनही तीच अपेक्षा असते. प्रत्यक्षात लेसरनंतर काही दिवस आधीपेक्षा धूसरच दिसते, आणि ‘पैसे देऊन डोळा बिघडवला’ असा समज होतो. लेसर न केलेल्या डोळ्याचे पुढे काय झाले असते, ते त्या माणसाला दिसत नाही.

ते एकदा मात्र मोजून पाहिले गेले आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात सतराशेहून अधिक मधुमेही रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेसर किंवा झेनॉन दिव्याच्या प्रखर प्रकाशाचा उपचार दिला आणि दुसरा डोळा तसाच ठेवला. कोणता डोळा घ्यायचा, ते नशिबावर सोडले होते. मामांच्या उजव्या डोळ्यासारख्या जास्त धोक्याच्या डोळ्यांपैकी, उपचार न केलेल्यांत सुमारे २६ टक्के डोळे दोन वर्षांत जवळजवळ आंधळे झाले. उपचार केलेल्यांत हे प्रमाण ११ टक्के होते. फरक इतका ठळक दिसला की १९७६मध्ये अभ्यासाची मूळ आखणी बदलून धोक्याच्या उरलेल्या डोळ्यांनाही उपचार खुला करण्यात आला.

मामा: अकरा टक्के तरी गेलेच ना?

भाची: गेले. लेसर हमी देत नाही, धोका निम्म्याहून खाली आणतो.

मामा: बरं. पण जाळल्यानं वाचते कसं, हे काही माह्या डोक्यात शिरत नाही.

भाची: दुष्काळाच्या साली विहिरीचं पाणी पुरत नसलं की तुम्ही संत्र्याचं काय करता?

मामा: बहार तोडतो. कच्ची फळं पाडतो, फांद्या छाटतो. झाड वाचलं पाहिजे.

भाची: लेसर तेच करतो. पडद्यात अंधारात पाहणाऱ्या दंडपेशी असतात, एका डोळ्यात सुमारे बारा कोटी. पडद्यात सगळ्यात जास्त ऑक्सिजन त्या खातात, आणि अंधारात तर त्यांची भूक आणखी वाढते. त्यांना ऑक्सिजन मागच्या बाजूच्या रक्ताच्या थरातून येतो. लेसरने कडेच्या भागातल्या काही दंडपेशी मारल्या की तो ऑक्सिजन त्यांच्यात खर्च न होता पुढच्या उपाशी थरांपर्यंत पोहोचतो. पडद्याची उपासमार कमी झाली की ते रसायन कमी होतं आणि नवीन वाहिन्या सुकायला लागतात.

मामा: म्हणजे मारता त्या अंधारात पाहणाऱ्याच पेशी. सरळ सांग ना मग, रात्रीचं जाते म्हणून.

भाची: रात्रीचं काही प्रमाणात जातं, हे खरं आहे.

मामा: किती? काही प्रमाणात म्हणजे किती?

भाची: हिशोब करू. नेहमीच्या पद्धतीत एका डोळ्यात बाराशे ते सोळाशे ठिपके देतात. एक ठिपका पडद्यावर अर्धा मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण ०.२ चौरस मिलिमीटरचा. पंधराशे ठिपक्यांचे तीनशे चौरस मिलिमीटर झाले. अख्खा पडदा हजार-अकराशे चौरस मिलिमीटरचा. पाव हिस्सा धरा. मधला भाग, ज्याने तुम्ही वाचता, नंबरप्लेट पाहता, माणसाचा चेहरा ओळखता, तो आम्ही सोडतो. ठिपके पडतात ते त्याच्या बाहेरून कडेपर्यंत. आणि दंडपेशींची सगळ्यात दाट गर्दी नेमकी मध्यापासून थोडं दूर, एका कड्यात असते. त्या कड्याच्या आसपासच आमचं काम सुरू होतं.

मामा: आता मले हायवेवर काय होईन ते सांग.

भाची: तीन गोष्टी होऊ शकतात. समोरून फोकस मारत गाडी गेली की डोळ्यासमोर अंधारी येते, ती जायला आधीपेक्षा जास्त वेळ लागेल. कडेचं कमी दिसेल. रस्त्याच्या बाजूने बैल किंवा सायकलवाला येत असेल तर तो उशिरा ध्यानात येईल. आणि मंद उजेडात रंग अन् कडा फिकट वाटतील. ढाब्याच्या आवारात पायरी चुकेल, टॉकीजमध्ये शिरल्यावर खुर्ची सापडायला वेळ लागेल. कोणाला हे जेमतेम जाणवतं, कोणाला खूप त्रास होतो. तुम्हाला नेमकं किती होईल, ते आज ठिपके मोजून मला सांगता येणार नाही.

मामा: फोकसचं तर आत्ताच होऊन राहिलं. जामच्या चौकातून पुढं निघालो की लक्झरीवाले अंगावर येतात, अन् मले दोन-चार सेकंद काही दिसतच नाही.

भाची: लेसर न करता?

मामा: हाव ना.

भाची: म्हणजे रात्रीची नजर आजारानेच घ्यायला सुरुवात केली आहे. उपाशी पडद्यातल्या दंडपेशी आधीच अर्धपोटी काम करताहेत. लेसर नाही केलं तर रात्रीची नजर शाबूत राहील, हे तुम्ही गृहीत धरलंय. तसं होणार नाही.

मामा: ते एक झालं. दुसरं सांगतो. कळमन्यात माह्या ओळखीचा व्यापारी आहे. त्याले लेसर नाही सांगितलं. डोळ्यात इंजेक्शन देतात, तेच. त्याले जाळणं नाही, काही नाही. मले काऊन लेसर? माह्याकडं पैसा कमी म्हणून?

मामांचा हा प्रश्न बिनतोड आहे आणि वैद्यकालाही तो अवघड गेला. २०१५मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधक-गटाने याच टप्प्यावरच्या ३०५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना लेसर दिले, काहींना व्हीईजीएफ रोखणारे रॅनिबिझुमॅब हे इंजेक्शन. दोन वर्षांनी तक्त्यावरची नजर दोन्ही गटांत सारखीच टिकली होती. कडेच्या नजरेची हानी मात्र लेसरच्या गटात कितीतरी जास्त होती, आणि मधल्या भागाला नव्याने सूज येण्याचे प्रमाणही. नुसत्या कागदावर पाहिले तर इंजेक्शनच सरस ठरते.

भाची: पैशाचा प्रश्न आहेच, तो मी नाकारणार नाही. पण मी लेसर म्हणते ते दुसऱ्या कारणाने. इंजेक्शन त्या रसायनाला काही आठवडे थोपवतं. औषध उतरलं की पडदा उपाशीचा उपाशी, आणि रसायन पुन्हा सुरू. त्या अभ्यासात दोन वर्षांत एकेका डोळ्याला दहा ते चौदा इंजेक्शनं लागली, आणि सुरुवातीला दर महिन्याला तपासणी. तुम्ही दर महिन्याला याल?

मामा: हंगामात कसं जमन? नोव्हेंबर-डिसेंबर अंबिया बहार, फेब्रुवारी-मार्च मृग. एकदा निघालो की आठ-दहा दिवस घराबाहेर.

भाची: फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी २०१९मध्ये याचाच शोध घेतला. जे रुग्ण सहा महिन्यांहून जास्त काळ गायब झाले आणि मग परत आले, त्यांचे डोळे त्यांनी पाहिले. फक्त इंजेक्शनं घेतलेल्या ३० डोळ्यांपैकी १० डोळ्यांत पडदा ओढला जाऊन सुटला होता. लेसर झालेल्या ४६ डोळ्यांपैकी फक्त एकात. अभ्यास लहान आहे, पण आमच्या ओपीडीत कोण येतं ते पाहा. गडचिरोलीहून, बालाघाट-छिंदवाड्याहून माणसं येतात. एकदा येतात आणि पीक निघाल्याशिवाय, कोणी सोबतीला मिळाल्याशिवाय परत येत नाहीत. लेसर पूर्ण झालं की रुग्ण नाही आला तरी त्याचा परिणाम डोळ्यात राहतो. इंजेक्शनचा राहत नाही. तुमच्या व्यापाऱ्याचं दुकान नागपुरात आहे, त्यांना महिन्याला येणं जमतं. त्यांच्यासाठी तो निर्णय बरोबर असेल.

मामा: मी दर महिन्याले आलो तर?

भाची: तर मी माझ्या सरांना म्हणेन, इंजेक्शनचा विचार करू. खरंच म्हणेन. पण मामा, जुलैत डोळ्यात रक्त आलं आणि तुम्ही दवाखान्यात जानेवारीत आलात.

मामा काही बोलत नाहीत. भाचीही विषय ताणत नाही, कागदांवरचा दुसरा फोटो काढते. हा पडद्याच्या थरांचा स्कॅन आहे, ज्याला सगळे ओसीटी म्हणतात. उजव्या डोळ्याचा मधला भाग कोरडा आहे. डाव्याचा सुजलेला.

भाची: डाव्या डोळ्याला आधी इंजेक्शनच देऊ. मध्यावर सूज असताना एकदम भरपूर लेसर केलं तर सूज वाढते, हा त्याचा दुसरा दुष्परिणाम. सूज उतरायला लागली की मग लेसर, तेही थोडंथोडं. उजवा कोरडा आहे, म्हणून तिथे थेट लेसर. तीन बैठकी, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने. एकाच दिवशी सगळे ठिपके दिले तरी चालतं, पण त्याने सूज आणि धूसरपणा जास्त येतो. तुमच्या बाबतीत मी वाटून घेईन.

मामा: दुखते काय?

भाची: डोळा सुन्न करायला थेंब टाकतो, हनुवटी टेकवून बसवतो, डोळ्यावर एक भिंग लावतो. हिरव्या उजेडाचे झटके दिसतात. बहुतेक ठिपके कळतही नाहीत. पण डोळ्याच्या दोन्ही कडांना, उजव्या-डाव्या बाजूला, मागून मज्जातंतू येतात. तिथे ठिपका पडला की कळ जाते, कपाळापर्यंत. ती आली तर सांगा, मी ताकद कमी करीन. सहन करत बसू नका आणि डोकं मागे घेऊ नका. हलत्या डोळ्यात ठिपका नको तिथे पडला तर तो मध्यावरही पडू शकतो, आणि ते नुकसान भरून येत नाही. अगदीच सोसत नसेल तर डोळ्याच्या बाजूला सुन्न करणारं इंजेक्शन देता येतं. उठल्यावर काही वेळ त्या डोळ्याने जवळपास अंधारच दिसेल, आणि त्या दिवशी गाडी हातात घ्यायची नाही. सोबत माणूस हवा.

मामा: अन् झालं की नाही झालं, हे कसं समजन? मले तर काही फरक दिसणार नाही म्हणतेस.

भाची: तुम्हाला नाही दिसणार, आम्हाला दिसेल. दीड ते तीन महिन्यांत नवीन वाहिन्या बारीक होतात, त्यांची टोकं मागे हटतात. नसेवरचं जाळं तसंच भरलेलं राहिलं, किंवा नवीन फांद्या फुटल्या, तर मधल्या मोकळ्या जागांत आणखी ठिपके द्यावे लागतात. ते चुकून राहिलेलं काम नसतं. काही डोळ्यांची भूकच तेवढी मोठी असते.

मामा: लेसर केल्यावर रक्त आलं तर? माह्या सोयऱ्याचं तसंच झालं. लेसर केलं अन् पंधरा दिवसांत डोळा लाल-काळा. तो म्हणते लेसरनं नस फोडली.

भाची: वाहिन्या सुकताना आकसतात, जेली ओढते, आणि जी आधीच कच्ची होती ती फुटते. असं लेसरनंतर काही आठवडे होऊ शकतं. लेसर केलं नसतं तरी ती वाहिनी तिथे होतीच. पण हे आधी सांगायला हवं होतं, तुमच्या सोयऱ्याला कोणी सांगितलं नसेल. म्हणून तुम्हाला आज सांगते. डोळ्यासमोर अचानक काळे जाळे, धूर, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं, विजेसारखे चमकारे, किंवा डोळा लाल होऊन ठणकायला लागला, तर हंगाम, भाडं, काही पाहायचं नाही. त्याच दिवशी यायचं.

मामा: ठीक आहे. मी मार्च संपला की येतो. मृग बहार निघू दे, एवढ्या फेऱ्या होऊ दे.

भाची: नाही मामा.

मामा: दोन महिन्यांनी काय बिघडते? आतापर्यंत सहा महिने काही झालं नाही.

भाची: उजव्यात रक्ताचा थर आलाय. ही वाहिनी फुटायची वाट पाहतेय, आणि तिची वेळ मला माहीत नाही. या आठवड्यात पहिली बैठक. एवढ्या एका गोष्टीत मी तुमच्याशी घासाघीस करणार नाही. वडनेरच्या पुढे रात्री दोन वाजता, संत्र्यांनी भरलेली गाडी हातात असताना उजवा डोळा भरला तर? डाव्याने तुम्हाला किती दिसतं ते तुम्हालाच माहीत आहे.

मामा: (थोड्या वेळाने) अन् त्यानंतर रात्रीची गाडी?

भाची: सध्या बंद. दोन्ही डोळ्यांचं लेसर संपून तीन महिने झाले की तुमच्या नजरेचा घेर मशिनवर मोजू. त्याला फील्ड टेस्ट म्हणतात. ब्रिटनमध्ये दोन्ही डोळ्यांना हे लेसर झालेल्या चालकाला लायसन्सवाल्यांना तसं कळवावंच लागतं. आपल्याकडच्या लायसन्सच्या अर्जातही रातांधळेपणाचा प्रश्न विचारलेला असतो, आपण तो न वाचता खूण करतो. घेर पुरेसा निघाला तरी लांब पल्ल्याच्या रात्रीच्या फेऱ्या मी तुम्हाला सुचवणार नाही. दिवसा काटोलहून कळमन्यापर्यंतची गाडी चालवू शकाल की नाही, ते मात्र त्या चाचणीवर ठरवू.

मामा: म्हणजे डोळा वाचला अन् धंदा गेला.

भाची: धंद्याचा एक भाग गेला. ते छोटं नुकसान आहे असं मी म्हणत नाही. रात्रीच्या फेऱ्यांना ड्रायव्हर ठेवावा लागेल, त्याचा पगार तुमच्या नफ्यातून जाईल. पण उजवा डोळा गेला तर दिवसाची गाडीही जाते.

मामा: तू हे असं सांगितलं, म्हणून ऐकतो. तिथं डॉक्टरांनी कागद पुढे केला अन् म्हटलं, सही करा. त्या कागदावर रात्रीचं काही लिहिलं असन तर मले कोणी वाचून नाही दाखवलं.

भाची: लिहिलेलं असतं. वाचून दाखवायला हवं. हे आमच्याकडून राहून जातं, मामा.

मामा: मग बुधवारी येतो. पण माह्या दोन अटी. फील्ड टेस्ट लेसरच्या आधीही एकदा करायची. नंतर किती गेलं ते मले मोजून पाहिजे. अन् उजव्याच्या दोन बैठकी झाल्यावर मी पुन्हा विचारीन, तिसरी लागतेच काय म्हणून.

भाची: पहिली अट एकदम मान्य, ती तर आम्हीच करायला हवी. दुसरी, विचारा. उत्तर पडदा पाहून देईन.

मामांनी इथे हार मानली असे मला वाटत नाही. पहिल्या अटीत त्यांचा सगळा आक्षेप शाबूत आहे. जे हिरावले जाणार आहे ते आधी मोजा, मग हिरावून घ्या, असे ते म्हणत आहेत. लेसरच्या आधीचा घेर नोंदलेला नसेल तर नंतरची तक्रार खरी की मनाची, आजाराने गेले की उपचाराने, याचा निवाडा पुढे करता येत नाही. वैद्यकाच्या बाजूनेही ही मागणी रास्तच आहे.

या उपचाराची सुरुवातही एका अपघाताच्या निरीक्षणातून झाली. ९ जुलै १९४५च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेले रुग्ण जर्मनीतले नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेराथ यांच्याकडे आले. प्रकाश पडद्यावर इतका नेमका डाग पाडत असेल तर तो हवा तिथे मुद्दाम पाडता येईल, असे त्यांच्या मनात आले. आधी त्यांनी आरशांनी उन्हाची तिरीप डोळ्यात सोडून पाहिली, मग झेनॉनचा दिवा वापरला, आणि १९६०च्या दशकात लेसर आले. तेव्हापासून ठिपके लहान झाले, झटके सेकंदाच्या दहाव्या भागावरून पन्नासाव्या भागापर्यंत आले, वेदना कमी झाली. नव्या मशीनचे ठिपके सौम्य असल्याने ते अठराशे ते चोवीसशे द्यावे लागतात. पण काही पेशी मारून बाकीच्या वाचवायच्या, हे मूळ तत्त्व बदललेले नाही. त्यामुळे रात्रीच्या नजरेची किंमत पुरती टळेल असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

माझे मत भाचीच्या बाजूचे आहे. नसेवर नवीन वाहिन्या आणि रक्त दिसले, आणि माणूस दर महिन्याला येईल याची खात्री नसली, तर लेसर करावे, आणि हंगाम संपण्याची वाट न पाहता करावे. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने, नजर कितीही स्वच्छ असली तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, म्हणजे ही वेळच उशिरा येईल किंवा येणारच नाही. आणि नेत्रतज्ज्ञांना विनंती अशी की, संमतिपत्र पुढे करण्याआधी समोरच्या माणसाला विचारा, तुम्ही रात्री गाडी चालवता का, रात्रपाळी करता का, पहाटे शेतात पाणी द्यायला जाता का. उत्तर हो असेल तर आधी घेर मोजा, काय कमी होणार ते त्याच्या भाषेत सांगा, आणि मग सही घ्या.